वहिनींच्या घरकामाचा कॅलरी-हिशेब : मेटचा तक्ता, घड्याळ आणि नळाचा दिवस

वहिनींच्या रक्तातली साखर थोडी वाढलेली निघाली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांना आहारतज्ज्ञांकडून आहाराचा तक्ता मिळाला. तक्त्याआधी एक अर्ज भरून घेतात. त्यात वय, उंची, वजन, व्यवसाय आणि शेवटी 'शारीरिक श्रम' अशी ओळ असते, पुढे तीन चौकटी : बैठे, मध्यम, जड. व्यवसायापुढे 'गृहिणी' लिहिलेलं पाहून अर्ज भरणाऱ्याने 'बैठे'वर खूण केली आणि त्यावरून दिवसाला १६०० कॅलरींचा आहार ठरला. वहिनी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "बैठं? मी बसते कवा ताई?"

पुढची तारीख ४ ऑगस्ट होती. तेवढ्या अवधीत त्यांच्या कामाचा खरा हिशेब मांडायचा आणि तो घेऊनच जायचं ठरवलं. हा हिशेब मेटच्या तक्त्यावरून, म्हणजे कोणत्या कामात किती ऊर्जा खर्च होते त्याच्या यादीवरून, घरच्या घरी होतो. खर्चही फारसा नाही : चाळीस रुपयांची वही, फोनमधलं घड्याळ आणि नऊशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा. काटा शेजारी असेल तर तोही विकत घ्यायला नको. वेळ मात्र द्यावा लागतो आणि कुठे कुठे आकडा फुगतो ते आधी माहीत असावं लागतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. (खाली कॅलरी म्हणजे सगळीकडे किलोकॅलरी, आहाराच्या तक्त्यात असते तीच.)

मेट म्हणजे काय मोजतो

स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिला एक मेट धरतात. आकड्यात सांगायचं तर दर किलो वजनामागे दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन. हिशेबाला सोयीचं रूप असं : दर किलोमागे दर तासाला साधारण एक कॅलरी. एखादं काम तीन मेटचं असेल तर त्यात स्वस्थ बसण्याच्या तिप्पट खर्च होतो. कोणतं काम किती मेटचं याची मोठी यादी अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९३ मध्ये केली. नंतर २०००, २०११ आणि २०२४ मध्ये ती सुधारली. प्रत्येक कामाला पाच अंकी क्रमांक असतो आणि घरकामाचे क्रमांक 05 ने, बागकामाचे 08 ने सुरू होतात. आवृत्ती बदलली की काही आकडे बदलतात, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर कोणत्या वर्षाची यादी घेतली ते लिहून ठेवा. मी २०११ ची घेतली. एका हिशेबात दोन आवृत्त्या मिसळल्या की मागाहून पडताळता येत नाही.

साठीच्या पुढच्या माणसांसाठी २०२४ मध्ये वेगळी यादी आली. तिथे एक मेट म्हणजे ३.५ नव्हे, २.७ मिलिलिटर धरतात. घरात सासूबाईंचाही हिशेब करायचा असेल तर त्यांच्यासाठी ती यादी घ्या.

पहिला दिवस : वजन, उंची आणि पाया

६ जुलैला आषाढी एकादशी होती. उपवासाच्या दिवशी भाकरी नसते, भांडी कमी पडतात, सगळ्या दिवसाची घडीच वेगळी असते, म्हणून सुरुवात ८ जुलैला, मंगळवारी केली. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी वजन घेतलं : ५८ किलो. उंची दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून खूण केली आणि टेपने मोजली : १५२ सेंटिमीटर. वय ४२.

आता पाया काढायचा. शरीर नुसतं पडून असताना दिवसभरात किती खर्च करतं, तो हा आकडा. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० चं सूत्र त्यासाठी सरावातलं आहे. बायकांसाठी ते असं : वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. वहिनींचं आलं ५८० + ९५० − २१० − १६१, म्हणजे ११५९ कॅलरी. तासाला ४८.

इथेच पहिली गोम आहे. 'किलोमागे तासाला एक कॅलरी' या नियमाने वहिनींचा स्वस्थ बसण्याचा खर्च तासाला ५८ यायला हवा होता आणि त्यांच्या वय-उंचीवरून तो ४८ येतो. असा फरक बऱ्याचदा येतो, कारण तो नियम सगळ्यांना एकच माप लावतो. बुटक्या बांध्याच्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला ते माप सैल पडतं. म्हणून दोन्ही आकडे ठेवायचे : ५८ ने गुणून येतो तो वरचा आकडा, ४८ ने गुणून येतो तो खालचा. खरा खर्च त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो. एकच आकडा देणारं ॲप बहुतेक वेळा वरचा देतं.

वेळेची नोंद

मेटचे आकडे तयार मिळतात, मिनिटं मात्र आपल्याला मोजावी लागतात आणि हिशेब बिघडतो तो मिनिटांतच. "स्वयंपाकाला किती वेळ लागतो?" असं विचारलं तर कोणीही 'दोन तास' सांगेल आणि ते खोटं नसतं. पण त्या दोन तासांत कुकरच्या शिट्ट्यांची वाट पाहणं असतं, मध्येच अंगण झाडून येणं असतं, दारात आलेल्या भाजीवाल्याशी बोलणं असतं. ते सगळे दोन तास 'स्वयंपाक' म्हणून धरले आणि वर अंगण झाडणं वेगळं मोजलं, तर तीच दहा मिनिटं दोनदा येतात.

काम करणाऱ्या बाईने स्वतः वही लिहावी ही अपेक्षा चालत नाही. हात ओले असतात, पीठ लागलेलं असतं आणि रात्री आठवून लिहिलं की सगळी कामं अर्ध्या-एक तासाची होऊन बसतात. दोन रीती उपयोगी पडल्या. घरात दुसरं कोणी मोकळं असेल तर त्याने फोनवर दर पाच मिनिटांनी घंटा लावायची आणि घंटेच्या क्षणी वहिनी काय करत आहेत तेवढंच एका शब्दात लिहायचं. एक नोंद म्हणजे पाच मिनिटं. कोणी नसेल तर फोन ओट्याच्या कडेला ध्वनिमुद्रणावर ठेवायचा आणि काम बदललं की तोंडाने बोलायचं : "झाडू घेतला", "झाडू ठेवला". संध्याकाळी ऐकून वेळा उतरवायच्या. पहिल्या दिवशी माणूस संकोचतो, जरा भरभरही काम करतो. म्हणून पहिल्या दिवसाची नोंद बाजूला ठेवून पुढच्या दिवसांची घेतली.

वहीत चार रकाने पुरतात : काम, मिनिटं, बसून की उभं की उकिडवं, आणि हातात ओझं असेल तर किती. शेवटचे दोन रकाने गाळू नका, त्यांच्यावरूनच तक्त्यातली ओळ निवडायची असते.

भाकरी जवळून

स्वयंपाकाला तक्त्यात तीन-चार ओळी आहेत. बसून-उभं राहून हलकं काम २.०, स्वयंपाकघरात चालत-फिरत २.५, मध्यम जोराचं ३.५. एक ओळ चुलीवरच्या 'इंडियन ब्रेड'ची आहे, 05057, आकडा ३.०. नाव पाहून तीच उचलावीशी वाटते, पण तिथे पीठ कोणतं, बसून की उभं, हाताने थापलेलं की नाही, काहीच दिलेलं नाही. त्यापेक्षा भाकरीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला ओळ लावणं बरं.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कणीक एकदा मळून झाकून ठेवता येते, पण ज्वारीचा उंडा त्या त्या वेळी गरम पाण्यात मळून लगेच थापावा लागतो, नाहीतर कडा चिरतात. म्हणजे मळण्याचं काम प्रत्येक भाकरीला नव्याने येतं. घड्याळ लावून पाहिलं तर उंडा तळव्याने रगडून मळायला साधारण पाऊण मिनिट लागतं. मग थापणं, तव्यावर टाकणं, वरून पाणी फिरवणं, उलटणं, फुगवणं. एक तव्यावर असते तेव्हा दुसरी परातीत असते, त्यामुळे हात रिकामे राहतच नाहीत. सगळं धरून भाकरीमागे तीन मिनिटं पडतात. पाच माणसांच्या घरात सकाळी बारा आणि संध्याकाळी आठ, अशा वीस भाकऱ्या झाल्या की एक तास होतो. त्यातली १५ मिनिटं मळण्याची, दंड आणि खांद्याच्या जोराची, त्यांना ३.५ लावले. उरलेल्या ४५ मिनिटांना २.५.

बाकी स्वयंपाक, म्हणजे चिरणं, फोडणी, ढवळणं, ताक घुसळणं, वाढणं, मिळून ८० मिनिटं आणि २.० मेट. घड्याळाने दोन्ही वेळचा स्वयंपाक सव्वातीन तासांचा होता, हाताचं काम त्यातलं दोन तास वीस मिनिटं. बाकीची मिनिटं दुसऱ्या कामांत किंवा नुसत्या थांबण्यात गेली.

हे वेगळं काढलं नसतं तर काय झालं असतं? सव्वातीन तास गुणिले ३.५, गुणिले ५८ म्हणजे ६६० कॅलरी. तुकडे पाडल्यावर तोच स्वयंपाक ३१४ चा होतो. साडेतीनशे कॅलरी नुसत्या कागदावर वाढल्या. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १६५ ते १७० कॅलरी असतात, म्हणजे दोन भाकऱ्यांचा फरक एका ओळीने पडतो.

ओळ निवडताना अडचण येते ती

तक्त्यातली बरीच घरकामं उभ्याने केलेली आहेत. भांडी घासणं 05041 हे उभ्याने सिंकपाशी, १.८ मेट. वहिनी मोरीत पाटावर बसून, तारेच्या घासणीने करपलेली कढई घासतात. त्यासाठी राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या २००४ च्या अहवालातला आकडा घेतला. तिथे यंत्राविना केलेली घरकामं, म्हणजे झाडणं आणि हाताने धुणी-भांडी, एकत्र २.३ पट धरली आहेत. ही पट माणसाच्या स्वतःच्या पायावर असते, त्यामुळे ती खालच्या आकड्याशी चांगली जुळते.

धुण्याला मात्र हा एकत्रित आकडा लावला नाही. हाताने कपडे धुण्याची 05092 ही ओळ ४.० ची आहे आणि आपटणं, घासणं, चादरी पिळणं यांना तो आकडा रास्त वाटतो. पण कपडे भिजत पडलेले असतात तो वेळ धुण्याचा नाही, आणि साबण लावणं, झटकून दोरीवर घालणं हलकं काम आहे. वहिनींच्या धुण्यात जोराची २० मिनिटं निघाली, हलकी १५.

झाडण्याला हलकं २.३, सर्वसाधारण ३.३, मध्यम जोराचं ३.८ अशा ओळी आहेत. कोणती घ्यायची ते बोलण्यावरून ठरवता येतं. काम करताना गाता येत असेल तर ते तीन मेटच्या खालचं. बोलता येतं पण गाताना दम तुटतो, तर तीन ते सहाच्या मधलं. चार शब्दांतच थांबावं लागलं तर सहाच्या वरचं. वहिनींना झाडताना एक ओवी म्हणायला सांगितली. घरात फरशीवर कमरेत वाकून झाडताना दुसऱ्या चरणालाच श्वास घ्यावा लागला, म्हणून ३.३ घेतले. अंगणाला बाहेरच्या झाडण्याची ओळ, ४.०. भांडी घासताना ओवी अख्खी झाली, म्हणजे २.३ बरोबर बसतो.

परसबागेत भेंडी, गवार, दोडक्याचा वेल आणि कडेने शेवगा आहे. पावसाने तण माजलं होतं. खुरप्याने उकिडवं बसून निंदण्याला हलक्या ते मध्यम निंदणीची ओळ, ३.५. उभ्याने कुदळी-फावड्याने केलेल्या निंदणीची ओळ ५.० ची आहे, ती इथे लावू नका. पाणी घालण्याची 08230 ही ओळ फक्त १.५ ची दिसते, कारण तिथे बहुधा नळी हातात धरून उभं राहणं अपेक्षित आहे. बादलीने तांब्या-तांब्या घालणं आणि शेंगा तोडत फिरणं मी २.५ धरलं.

साध्या दिवसाचा ताळा

| काम | मिनिटं | मेट | गुणाकार |
|---|---|---|---|
| घर झाडणं | १२ | ३.३ | ३९.६ |
| अंगण झाडणं | १० | ४.० | ४० |
| फरशी हाताने पुसणं | १८ | ३.५ | ६३ |
| भांडी | ५० | २.३ | ११५ |
| धुणं, जोराचं | २० | ४.० | ८० |
| धुणं, हलकं | १५ | २.० | ३० |
| पीठ मळणं | १५ | ३.५ | ५२.५ |
| भाकरी थापणं-भाजणं | ४५ | २.५ | ११२.५ |
| बाकी स्वयंपाक | ८० | २.० | १६० |
| निंदणं | २५ | ३.५ | ८७.५ |
| पाणी, तोडणी | १५ | २.५ | ३७.५ |
| धान्य निवडणं, घड्या | ४० | २.० | ८० |

मिनिटांची बेरीज ३४५, गुणाकाराची ८९७.६. या बेरजेला ६० ने भागलं की १५ च्या जवळ येतं. त्याला ४८.३ ने गुणलं तर ७२३ कॅलरी, ५८ ने गुणलं तर ८६८.

हा आकडा हातात आला की बरं वाटतं आणि बहुतेक जण इथेच फसतात. मेटमध्ये स्वस्थ बसण्याचा खर्च आधीच धरलेला असतो. वहिनी त्या पावणेसहा तासांत पडून राहिल्या असत्या तरी त्यातला बराच खर्च झालाच असता. कामामुळे वर किती गेलं ते पाहायचं तर प्रत्येक मेटमधून एक वजा करायचा, म्हणजे १५ मधून ५.७५ तास वजा. उरतात ९.२. कामाचा निव्वळ खर्च ४४५ ते ५३४ कॅलरी. पायाच्या ११५९ मध्ये ८६८ मिळवून '२०२७' काढलेला हिशेब पाहिलात तर तो चूक आहे हे लगेच ओळखता येईल. त्यात पावणेसहा तासांचा पाया दोनदा मोजलेला असतो, आणि उरलेल्या दिवसातलं चालणं-बोलणं मात्र सुटून गेलेलं असतं.

म्हणून अर्जासाठी पूर्ण चोवीस तास भरावे लागतात. झोप साडेसात तास, ०.९५. दुपारचं पडणं पाऊण तास, १.०. अंघोळ-पूजा एक तास, २.०. जेवण-चहा एक तास, १.५. किराणा आणि मंडईपर्यंत चालणं अर्धा तास, ३.०. किरकोळ उठबस दीड तास, १.८. उरलेले सहा तास बसणं, बोलणं, टीव्ही, १.३. सगळं मिळून मिनिटं बरोबर १४४० भरली पाहिजेत. ती भरली नाहीत तर काहीतरी सुटलंय, जास्त झाली तर काहीतरी दोनदा आलंय. हा ताळा गुणाकार करायच्या आधीच करून घ्या.

चोवीस तासांच्या गुणाकाराची बेरीज आली २३००. भागिले १४४०, म्हणजे दिवसाची सरासरी १.६० पट.

नळाचा दिवस

आमच्या तालुक्याच्या गावात नळ दर चौथ्या दिवशी येतो. तो दिवस मोजल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता आणि त्या आठवड्यात नेमकं पाणी दोन दिवस उशिरा आलं. थांबण्याखेरीज इलाज नव्हता. इतर कुठला दिवस घेऊन 'नळाच्या दिवशी इतकं वाढत असेल' असा अंदाज करणं मला पटलं नाही.

पाणी आलं ते पहाटे पाचला. टाकी, पिंप, हंडे, घागरी भरायच्या, आत नेऊन ओतायच्या. घागर काट्यावर ठेवून पाहिली तर भरलेली साडेसोळा किलो. मेटच्या तक्त्यात खर्च शरीराच्या वजनावर मोजतात, हातातलं ओझं त्यात आपोआप येत नाही. म्हणून ओझ्याची ओळ वेगळी शोधावी लागते. अन्न व शेती संघटनेच्या त्याच अहवालात पाणी किंवा सरपण आणण्याला ४.४ पट धरलेत, ते घेतले. ओझं घेऊन केलेलं काम ४० मिनिटांचं निघालं. नळाखाली घागर भरायची वाट पाहत उभं राहणं त्यात नाही. शिवाय त्या दिवशी राखून ठेवलेल्या चादरी-सतरंज्या धुतल्या : आणखी ४० मिनिटं, ४.० मेट.

ही ८० मिनिटं बसण्याच्या वेळातून गेली, म्हणून वाढ मोजताना १.३ वजा करायचे. पाण्याची वाढ १२४, धुण्याची १०८. बेरीज २३०० वरून २५३२ झाली आणि दिवसाची सरासरी १.७६ पट. अन्न व शेती संघटनेच्या वर्गवारीत १.४० ते १.६९ बैठं किंवा हलकं, १.७० ते १.९९ मध्यम. म्हणजे वहिनी तीन दिवस हलक्या वर्गात वरच्या टोकाला असतात आणि चौथ्या दिवशी मध्यममध्ये जातात. चार दिवसांची सरासरी १.६४.

मनगटावरचं घड्याळ घालून हेच का पाहू नये असं भाच्याने विचारलं आणि आपलं घड्याळ वहिनींना दिलंही. नळाच्या दिवशी त्याचं खरं रूप दिसलं. घड्याळ हाताच्या हेलकाव्यावरून पावलं मोजतं. कमरेवर घागर धरून हात स्थिर असला की चाललेली पावलं सुटतात, आणि बसून भांडी घासताना हात हलतो म्हणून पावलं वाढतात. घरकामात या दोन चुका एकमेकींना भरून काढतील याची खात्री नाही.

अन्नाकडून उलटी तपासणी

१.६४ ला ११५९ ने गुणलं तर दिवसाला १९००. वरच्या रीतीने, म्हणजे ५८ किलो गुणिले २४ गुणिले १.६४, साधारण २२८०. दोन्हींत पावणेचारशेचं अंतर आहे. कोणता आकडा जवळचा ते ठरवायला एकच मार्ग घरात आहे. वजन स्थिर असेल तर जेवढं खाल्लं तेवढंच खर्च झालं. जुलैभर दर मंगळवारी सकाळी वजन घेतलं, ते ५८ च्या आगेमागे पाव किलोत राहिलं. मग काही दिवस वहिनींच्या ताटातलं तोलून लिहिलं.

भाकरीचं पीठ, डाळ, दूध तोलायला सोपं. तेल ताटात तोलता येत नाही आणि तेच सुटतं. त्यासाठी डब्यावरून काढायचं : पाच माणसांत महिन्याला चार लिटर तेल लागतं. लिटरला साधारण ८२०० कॅलरी. तीस दिवस आणि पाच माणसांत वाटलं की माणशी रोज २१९ येतात, एका भाकरीहून जास्त. शेंगदाण्याचा कूटही असाच महिन्याच्या हिशेबाने काढला. चहातली साखर कपागणिक मोजली. सगळं धरून बेरीज १९५० च्या आसपास आली. खाण्याच्या नोंदीत नेहमी थोडं सुटतं, म्हणून खरं सेवन याहून थोडं अधिकच असेल, तरी ते २२८० पर्यंत ताणणं अवघड आहे. वहिनींच्या बाबतीत स्वतःच्या पायावरचा खालचा आकडा जवळचा, असं मी धरलं आणि '१९०० ते २०००' लिहिलं. याहून बारीक आकडा या रीतीने निघत नाही. १९१३ असं लिहिलं तर ती अचूकता खोटी असते.

४ ऑगस्टला

अर्ज पुन्हा पुढे आला तेव्हा एका पानावर तक्ता, चोवीस तासांची बेरीज आणि वजनाच्या नोंदी नेल्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत ५५ किलोच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी १६६० आणि मध्यम कामासाठी २१३० कॅलरी दिल्या आहेत. पहिल्याला १.४ ने आणि दुसऱ्याला १.८ ने भागून पाहा, पाया दोन्हीकडे ११८५ च्या जवळच येतो. म्हणजे अर्जातल्या दोन चौकटींत १.४ आणि १.८ एवढं अंतर आहे, मध्ये चौकटच नाही, आणि वहिनींचे १.६४ नेमके त्या मोकळ्या जागेत पडतात. 'बैठे' धरलं तर त्यांना १६२३ येतात, 'मध्यम' धरलं तर २०८६. वजन कमी करायचं नसताना पहिल्या खुणेने रोज पावणेतीनशे कमी पडले असते. वहिनी दुपारी चारला हात थरथरतात म्हणत होत्या. तेही त्या पानावर तारखेसह लिहिलं होतं.

आहारतज्ज्ञांनी पान वाचलं, पाण्याच्या ओळीवर बोट ठेवून "हे दर चौथ्या दिवशी?" असं विचारलं आणि चौकटींच्या शेजारी हाताने १.६ लिहिलं. तक्ता १८५० चा झाला, दुपारच्या खाण्यात मूठभर भाजके फुटाणे आणि ताक वाढलं. पुन्हा तपासणीची फी तीनशे रुपये लागली.

हा आकडा वर्षभर चालणार नाही. पावसाळा सरला की निंदणं जातं आणि बादलीने पाणी घालणं वाढतं. मार्च-एप्रिलमध्ये नळाचं अंतर वाढलं की टँकरवरून पाणी भरण्याची मिनिटं येतात. दिवाळीच्या आधी सफाईचे दिवस असतात. पूर्ण नोंद पुन्हा करायची गरज नाही. पाणी, बाग आणि धुणं या तीन ओळींची मिनिटं नव्याने घ्यायची, जी वाढली ती बसण्याच्या सहा तासांतून वजा करायची आणि १४४० ची बेरीज पुन्हा जुळवून पाहायची.